लिहिता येत नाही, पण शाळेत येता येतं: चाचणीच्या एका अर्जाची हकिगत

उजवा हात मोडलेल्या मुलासाठी शाळेला जो अर्ज दिला जातो, त्यात बहुतेक वेळा एकच वाक्य असतं : ‘तरी माझ्या पाल्यास चाचणीत सवलत मिळावी ही विनंती.’ सवलत म्हणजे नेमकं काय हे मग मुख्याध्यापकांनी ठरवायचं. ते बिचारे सगळ्यात सोपं ते ठरवतात. प्लास्टर निघेपर्यंत मुलाला घरी ठेवा म्हणतात. चाचणी बुडते, हजेरी बुडते, आणि पालक म्हणतात शाळेनं अडवलं. शाळेनं अडवलेलं नसतं, मागितलेलंच धड नसतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेत सातवीतल्या मुलीसाठी असा अर्ज नुकताच केला. मजकूर लिहिण्यापासून शाळेत बसून बोलण्यापर्यंत आम्ही त्यात होतो. प्रकरण साधं होतं आणि सगळी माणसं भली होती. तरीही वाटेत चार ठिकाणी अडलं. ती ठिकाणं कुठल्याही शाळेत येतीलच, म्हणून क्रमानं लिहितो.

मुलगी 12 जुलैला पडली. उजव्या हाताची, मनगटाच्या थोडी वर, दोन्ही हाडं मोडली. पहिल्या दिवशी कोपराच्या वरपर्यंत कच्चं प्लास्टर घातलं. हात सुजलेला असताना पक्कं घालत नाहीत, कारण सूज वाढली तर पक्क्या प्लास्टरमध्ये हात आवळतो. आठवड्यानं पुन्हा एक्स-रे काढून हाडं जागेवर आहेत हे बघितलं आणि पक्कं प्लास्टर झालं. एकूण सहा आठवडे, म्हणजे 23 ऑगस्टपर्यंत. शाळेची पहिली आकारिक चाचणी, म्हणजे सगळे जिला एफए-वन म्हणतात ती, 4 ऑगस्टपासून होती. कर्नाटकात वर्षाला चार आकारिक आणि दोन संकलित असं मूल्यमापन असतं. त्यातली ही पहिलीच.

अर्ज अपघातानंतर लगेच दिला नाही, पक्कं प्लास्टर झाल्यावर दिला. कच्चं प्लास्टर असताना डॉक्टर तारीख सांगत नाहीत, आणि तारीख नसेल तर शाळेला काही ठरवता येत नाही. तोवर वर्गशिक्षिकेला तोंडी कळवलं तेवढं पुरे होतं.

पहिली अडचण डॉक्टरांच्या चिठ्ठीची. हाडाच्या दवाखान्यात चिठ्ठी मागितली की ठरलेला मजकूर मिळतो : अमुक रुग्णास फ्रॅक्चर आहे, सहा आठवडे विश्रांतीची गरज आहे. ही चिठ्ठी शाळेत गेली की तिचा अर्थ एकच होतो, मुलगी सहा आठवडे येणार नाही. त्याच अर्जात आपण लिहिलेलं असतं की चाचणीला बसू द्या. मग मुख्याध्यापक विचारतात, ‘डॉक्टर विश्रांती म्हणतात आणि तुम्ही परीक्षा म्हणता, पोरीला काय झालं तर जबाबदार कोण?’ प्रश्न रास्त आहे.

म्हणून चिठ्ठी बदलून घेतली. डॉक्टरांना एवढंच सांगितलं की शाळेत बसायला हरकत नाही पण लिहायला हरकत आहे, हे दोन्ही वेगवेगळं लिहून द्या. त्यांनी दोन मिनिटांत दिलं. नव्या चिठ्ठीत मोडलेल्या हाडांची नावं होती, उजवा हात असं स्पष्ट होतं आणि अपघाताची व प्लास्टर काढायची अंदाजे तारीख होती. कामाची वाक्यं तीनच : शाळेत उपस्थित राहण्यास योग्य, 23 ऑगस्टपर्यंत उजव्या हाताने लेखन करू नये, त्यानंतर साधारण दोन आठवडे लेखनाचा वेग कमी राहील. खाली सही, शिक्का आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक.

शेवटचं दोन आठवड्यांचं वाक्य पालक मागत नाहीत आणि डॉक्टर आपणहून लिहीत नाहीत. प्लास्टर निघालं की हात बरा झाला असं सगळ्यांना वाटतं. खरं तर सहा आठवडे न हललेलं कोपर आणि मनगट ताठलेलं असतं, पकड सैल असते, पेन धरून अर्धं पान झालं की हात भरून येतो. हे वाक्य नसेल तर शाळा प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पुढची चाचणी ठेवते आणि तिथं मुलाचे गुण जातात.

आपल्या भागात हाड बसवणाऱ्या वैदूकडे जाणारी माणसं अजून पुष्कळ आहेत. उपचाराचं त्यांचं ते बघतील, पण त्यांच्या चिठ्ठीवर शाळा काही करू शकत नाही. अशा घरानं निदान तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढून तिथल्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्यावं. हाताचंही त्यात भलंच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कायद्याचा धाक घालायचा की नाही. मुलीचे मामा मोबाइलवर 2016 चा दिव्यांग कायदा दाखवत होते. त्यांना समजावून सांगावं लागलं. लेखनिकाच्या ज्या मार्गदर्शक सूचना 2018 मध्ये केंद्रानं काढल्या त्या किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी होत्या. सहा आठवड्यांत जुळणारं हाड हे त्या कायद्यातलं दिव्यांगत्व नव्हे. त्यामुळे ‘कायद्याने आमचा हक्क आहे’ असं लिहिलं की मुख्याध्यापक लगेच म्हणतात, मग दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणा, आणि विषय तिथंच संपतो. उलट शाळेच्या पातळीवरची चाचणी कधी आणि कशी घ्यायची हे मुख्याध्यापकांच्या हातात असतं. म्हणून अर्ज विनंतीचा करायचा, आणि त्या सूचनांतली मापं तेवढी उचलायची. मापं चांगली आहेत. तासाला वीस मिनिटं जादा वेळ. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला. आणि भाषांच्या पेपरांसाठी गरज पडल्यास वेगळा लेखनिक. हे शेवटचं आपल्याकडे किती उपयोगी आहे ते पुढे येईलच.

आता मुख्य काम, काय मागायचं ते. लेखनिक आणि पुढची तारीख या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि दोन्ही सगळ्या विषयांना लागत नाहीत. म्हणून अर्ज लिहिण्याआधी वेळापत्रक समोर घेऊन एकेक पेपर तपासला. प्रत्येक पेपर वीस गुणांचा, पंचेचाळीस मिनिटांचा. ज्या पेपरात उत्तर तोंडानं सांगता येतं त्याला लेखनिक. ज्यात हातानंच करावं लागतं त्याला पुढची तारीख.

मराठी, कन्नड, इंग्रजी आणि समाजविज्ञान हे चारही सांगण्यासारखे. समाजात नकाशा असला तर मुलगी डाव्या हाताचं बोट ठेवून ठिकाण दाखवते, लेखनिक तिथं नाव लिहितो. विज्ञानात एक आकृती होती, पण शिक्षकांनी सांगितलं की आकृती काढण्याऐवजी छापील आकृतीला नावं द्यायचा प्रश्न देऊ. हे त्यांनी आपणहून सुचवलं. गणित मात्र सांगून होत नाही. कंपासपेटी घेऊन करायची रचना दुसऱ्याकडून करून घेतली तर ती दुसऱ्याची रचना झाली. साध्या हिशोबातही मूल कडेला कच्चं काम करत पुढं जातं, तिथं चूक दिसली की खोडतं. तोंडानं सांगताना हातचा एक लक्षात ठेवायचा, पुढचा आकडा सांगायचा आणि लेखनिकानं बरोबर मांडलंय का तेही बघायचं, एवढं बारा वर्षांच्या मुलीला झेपत नाही. म्हणून गणित तेवढं पुढं ढकला, बाकी पाच पेपर ठरल्या दिवशी घ्या, अशी मागणी ठरली.

सगळेच पेपर पुढं ढकला असं मागावंसं वाटतं. मुलीच्या आईचं तेच म्हणणं होतं. पण ढकललेल्या प्रत्येक पेपराला शिक्षकाला नवी प्रश्नपत्रिका काढावी लागते, कारण जुनी सगळ्या वर्गाला माहीत झालेली असते. सहा विषयांच्या सहा नव्या प्रश्नपत्रिका एका मुलीसाठी काढा म्हटलं की शाळा नाही म्हणत नाही, पण ते कामही होत नाही. एक काढा म्हटलं की होतं. शिवाय गुण ऑनलाइन भरायची शेवटची तारीख शाळेला वरून येते आणि मुलीचा एसएटीएस क्रमांक, म्हणजे राज्याच्या विद्यार्थी-नोंदणीतला तिचा क्रमांक, उघडला की त्या रकान्यात काहीतरी भरावंच लागतं. सहा रकाने रिकामे ठेवण्यापेक्षा एक ठेवणं सोपं. ही शेवटची तारीख विचारूनच गणिताची नवी तारीख मागितली. प्लास्टर 23 ऑगस्टला निघणार, त्या आठवड्यात गणपती, त्यानंतर हात जरा मोकळा व्हायला वेळ. असं धरून 8 सप्टेंबर.

भाषेचं म्हणाल तर शाळा मराठी माध्यमाची, मुख्याध्यापक मराठी, तेव्हा अर्ज मराठीतच केला. पण सोबत त्याचा अर्ध्या पानाचा कन्नड सारांश जोडला. सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळा बघणारे शिक्षण खात्याचे साधनव्यक्ती, शाळेला भेट देतात तेव्हा चाचणीची फाइल बघतात, आणि एका मुलीच्या उत्तरपत्रिकांवर दुसऱ्याचं अक्षर का, याचं उत्तर त्यांना वाचता येईल अशा भाषेत फाइलमध्येच असलेलं बरं. मुख्याध्यापकांची धाकधूक त्यानं निम्मी कमी झाली. मुलगी कन्नड किंवा इंग्रजी शाळेत असती तर उलटं केलं असतं : मूळ अर्ज त्या भाषेत. कन्नड अर्जाची मांडणी थोडी वेगळी असते, तिथं आधी ‘इवरिंद’ म्हणून अर्जदाराचं नाव-पत्ता येतो आणि मग ‘इवरिगे’ म्हणून ज्यांना लिहायचं ते. शेजारच्या कन्नड शिक्षकांकडून नजर घालून घेतली की झालं.

दिलेला अर्ज असा होता. नावं तेवढी काढली आहेत.

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळा, ________
ता. खानापूर, जि. बेळगाव

दिनांक : 21 जुलै

विषय : इयत्ता सातवीच्या पहिल्या आकारिक चाचणीसाठी लेखनिक मिळणे व गणिताची चाचणी पुढील तारखेस घेणे याबाबत.

महोदय,

माझी मुलगी कु. ________ (इयत्ता सातवी, हजेरी क्र. ____, एसएटीएस क्र. ________) हिच्या उजव्या हाताची मनगटाजवळील दोन्ही हाडे दि. 12 जुलै रोजी मोडली आहेत. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर असून ते अंदाजे दि. 23 ऑगस्ट रोजी निघेल. ती उजव्या हातानेच लिहिते. शाळेत बसण्यास डॉक्टरांची हरकत नाही. लिहिण्यास मनाई आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

दि. 4 ऑगस्टपासून होणाऱ्या चाचणीबाबत पुढीलप्रमाणे परवानगी मिळावी.

मराठी, कन्नड, इंग्रजी, विज्ञान व समाजविज्ञान या विषयांची चाचणी ठरलेल्या दिवशीच लेखनिकाच्या मदतीने, वेगळ्या खोलीत घ्यावी आणि 45 मिनिटांच्या पेपरास 15 मिनिटे जादा द्यावीत. लेखनिक आपल्याच शाळेतील, सातवीच्या खालच्या इयत्तेतील असावा. आपण ठरवाल तो लेखनिक आम्हास मान्य आहे.

गणिताची चाचणी दि. 8 सप्टेंबर रोजी किंवा गुणनोंदणीची मुदत संपण्यापूर्वी आपल्या सोयीच्या दिवशी वेगळ्या प्रश्नपत्रिकेवर घ्यावी. तोपर्यंत गणितात तिची नोंद ‘गैरहजर’ अशी होऊ नये.

प्लास्टर लवकर निघाल्यास किंवा मुदत वाढल्यास आम्ही लेखी कळवू.

आपला विश्वासू,
(सही)
पालकाचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक

सोबत : वैद्यकीय प्रमाणपत्र, एक्स-रे अहवालाची प्रत, अर्जाचा कन्नड सारांश

‘ती उजव्या हातानेच लिहिते’ हे वाक्य वरवर फुकटचं वाटतं. पण अर्ज देताना शाळेत बसलेल्या शाळा समितीच्या एका सदस्यानं पहिला प्रश्न हाच केला, ‘अवो, डाव्या हातानं लिहील की थोडं थोडं.’ उत्तर कागदावर असलं की वाद होत नाही. ‘आपण ठरवाल तो लेखनिक आम्हास मान्य’ हेही मुद्दाम घातलं होतं. पालकानं स्वतः नाव सुचवलं की लेखनिक आधीच पढवलेला आहे अशी शंका येते. वडिलांच्या मनात नववीतली चुलत बहीण होती. ती वरच्या वर्गातली, म्हणजे सातवीचा पेपर तिला येणारच. ते नाव अर्जात गेलं असतं तर अर्जाचाच रंग बदलला असता.

अर्जाच्या दोन प्रती नेल्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शाळेचा शिक्का घेऊन ती परत आणली. पण पोच म्हणजे मंजुरी नव्हे. आमच्या अनुभवात बरेच अर्ज इथंच फसतात : अर्ज ऑफिसात पोचलेला असतो, मुख्याध्यापक तोंडानं ‘करूया की’ म्हणालेले असतात, आणि चाचणीच्या सकाळी पर्यवेक्षक म्हणतात, मला कुणी सांगितलं नाही. त्यामुळे दोन दिवसांनी पुन्हा जाऊन मूळ अर्जावर मुख्याध्यापकांचा शेरा घेतला : ‘मंजूर. लेखनिक व खोलीची व्यवस्था वर्गशिक्षिकेने करावी. गणित 8 सप्टेंबर.’ खाली सही. त्याचा फोटो वर्गशिक्षिकेला आणि गणिताच्या सरांना दिला.

तिसरी अडचण लेखनिक निवडताना आली, आणि ती खास आपल्या सीमाभागातली आहे. मराठी शाळेतल्या मुलीचे पेपर तीन लिप्यांत असतात : मराठी, गणित, विज्ञान, समाज देवनागरीत, कन्नड कन्नडमध्ये, इंग्रजी रोमनमध्ये. लेखनिकाला या तिन्ही लिप्या ऐकल्याबरोबर उतरवता आल्या पाहिजेत. वर्गशिक्षिकेनं सहावीतली सुंदर अक्षराची एक मुलगी निवडली. तिला चाचणीच्या चार दिवस आधी दहा मिनिटं बसवून तिन्ही भाषांतल्या पाच-पाच ओळी सांगून बघितल्या. मराठी झटपट झालं, इंग्रजी बऱ्यापैकी, कन्नडमध्ये मात्र ती प्रत्येक जोडाक्षराला थांबायला लागली. कन्नडमधला ओत्तक्षर, म्हणजे मुख्य अक्षराच्या खाली लागणारं दुसरं अक्षर, आठवून काढण्यातच तिचा वेळ जात होता. या वेगानं पंचेचाळीस मिनिटांचा पेपर सव्वा तासात झाला असता.

मग कन्नडपुरता सहावीतलाच दुसरा मुलगा घेतला, ज्याच्या घरी कन्नड बोलतात. भाषेसाठी वेगळा लेखनिक चालतो हे त्या 2018 च्या सूचनांतलं माप इथं कामाला आलं. मुख्याध्यापकांना आधार हवा होता तो मिळाला. ही दहा मिनिटांची परीक्षा आधी घेतली नसती तर ते कन्नडच्या पेपरात कळलं असतं, आणि तेव्हा काही करता आलं नसतं.

लगेच चौथी अडचण उभी राहिली. सहावीची चाचणी त्याच दिवशी, त्याच वेळेला. लेखनिक स्वतःच पेपरला बसलेला. छोट्या शाळेत हे हमखास होतं, कारण चौथी ते सातवी सगळ्यांची चाचणी एका घंटेला असते. पहिला उपाय सुचतो तो असा की मुलीचा पेपर दुपारी घ्यावा. पण मग वर्गातल्या मैत्रिणी सकाळी पेपर देऊन माध्यान्ह भोजनाला तिच्या शेजारीच बसणार. प्रश्न फुटणारच, आणि मग पाचही विषयांना वेगळ्या प्रश्नपत्रिका काढाव्या लागणार. म्हणजे जे टाळलं तेच परत आलं. बाहेरच्या शाळेतून लेखनिक आणायचा तर त्या शाळेचं वेळापत्रक, त्याच्या पालकांची परवानगी, येण्याजाण्याची सोय हे सगळं आलं. तोडगा मुख्याध्यापकांनीच काढला. त्यांनी एका मुलीची वेळ न बदलता सबंध सातवीचीच चाचणी दुपारी घेतली. सहावीनं सकाळी आपला पेपर दिला, दुपारी त्यातले लेखनिक मोकळे. प्रश्नपत्रिका एकच राहिली. वेळापत्रकाच्या कागदावर एक ओळ बदलली, बस्स.

यात लेखनिकांचाही विचार हवा. दुसऱ्या दिवशीच्या स्वतःच्या पेपरचा त्यांचा अभ्यासाचा वेळ जातो. म्हणून दोघांच्या पालकांकडून दोन ओळींचं संमतिपत्र घेतलं आणि सहावीच्या मुलीवर सलग दोन दिवस लेखनाचं काम येणार नाही असं बघितलं.

चाचणीआधी घरी एक तयारी करून घेतली, ती म्हणजे सांगण्याची. मुलांना उत्तर येत असतं पण सांगता येत नाही. ती भराभर बोलतात, मध्येच वाक्य बदलतात, लेखनिक अर्धं लिहून थांबतो. मुलीला सवय लावली की आधी पूर्ण वाक्य मनात जुळवायचं, मग चार-पाच शब्दांचा तुकडा सांगायचा, लेखनिकाचं पेन थांबलं की पुढचा. पूर्णविराम, नवा परिच्छेद, अधोरेखा हे शब्द तोंडानं म्हणायचे. भाषेच्या पेपरात शुद्धलेखनाला गुण असतात, तिथं शिक्षकांनी नियम घातला : ज्या प्रश्नात शब्द बरोबर लिहिण्यालाच गुण आहेत तिथं मुलीनं अक्षर-अक्षर सांगायचं, पहिली की दुसरी वेलांटी हेसुद्धा. इंग्रजीत स्पेलिंग, कन्नडमध्ये ओत्तक्षर. बाकी उत्तरांत लेखनिकाच्या चुकीचे गुण कापायचे नाहीत. हा नियम आधी ठरला म्हणून नंतर तपासताना कुरबूर झाली नाही. तो अर्जातच घालायला हवा असं काही नाही, पण विषयशिक्षकाशी आधी बोलून घ्यावा.

वेगळी खोली हवीच. ती नसेल तर मुलीचं उत्तर सगळा वर्ग ऐकतो. इथं ऑफिसशेजारची खोली मिळाली. पर्यवेक्षक म्हणून त्या विषयाचे नसलेले शिक्षक बसले, कारण विषयशिक्षकाच्या तोंडून नकळत ‘अगं, आठव की’ निघून जातं. लेखनिकानं स्वतःची भर घातलेली ओळखायची एक खूण आहे. मुलगी बोलायची थांबल्यावरही पेन चालू राहतं. पर्यवेक्षकानं कान मुलीकडे आणि डोळे पेनाकडे ठेवले की पुरे. प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या वर ‘लेखनिकाच्या मदतीने’ असं लिहून लेखनिकाचं नाव, इयत्ता, आणि पर्यवेक्षकाची सही घेतली. जादा पंधरा मिनिटं मराठी आणि समाजला पूर्ण लागली. इंग्रजी त्याआधीच संपलं.

23 ऑगस्टला प्लास्टर निघालं. त्यानंतर रोज घरी थोडं थोडं लिहून घेतलं आणि सप्टेंबर लागल्यावर एकदा घड्याळ लावून गणिताचं एक पान सोडवून घेतलं. अपघाताआधीच्या वहीतल्या तशाच पानाला जेवढा वेळ लागत असे त्याच्या सव्वापट लागला. हे वर्गशिक्षिकेला कळवलं, आणि 8 सप्टेंबरच्या गणितालाही तीच पंधरा मिनिटं मिळाली. नवा अर्ज लागला नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं ते दोन आठवड्यांचं वाक्य पुरलं.

हे सगळं शाळेच्या चाचणीपुरतं झालं. एसएसएलसीला यातला कुठलाच कागद चालत नाही. तिथं लेखनिकाची परवानगी राज्य परीक्षा मंडळ देतं, अर्ज हायस्कूलमार्फत जातो, आणि तारीख एका मुलासाठी हलत नाही. मात्र 2023-24 पासून तिथं वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात. पहिलीच्या तोंडावर हात मोडला आणि लेखनिक नको असेल तर दुसरीला बसायचा रस्ता आहे. सीबीएसईच्या शाळांत अचानक आजारी पडलेल्या किंवा जखमी झालेल्या मुलाला सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर लेखनिक देण्याची तरतूद मंडळाच्या नियमांतच आहे. तिथं शाळेला नियम दाखवून मागता येतं, अर्जाचा मजकूर मात्र असाच, पेपरवार हवा.

मंजुरीचा शेरा असलेला अर्ज, डॉक्टरांची चिठ्ठी आणि संमतिपत्रं शाळेनं पाच उत्तरपत्रिकांना टाचून ठेवली. गणिताची सहावी उत्तरपत्रिका नंतर त्यांतच लावली. पोच घेतलेली प्रत घरी आहे. ती संकलित परीक्षेचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवायला सांगितलं आहे, कारण मधे वर्गशिक्षिका बदलल्या किंवा गणिताच्या रकान्यात चुकून ‘गैरहजर’ पडलं तर दाखवायला तोच कागद लागेल.